पाहुण्यांचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान वार्तापत्रात कसं मांडावं

मंडळात पाहुण्यांचं व्याख्यान झालं की वार्तापत्रासाठी मजकूर लिहायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. मग बहुतेक वेळा ठरलेलं छापलं जातं: अमक्यांनी स्वागत केलं, तमक्यांनी परिचय करून दिला, वक्त्यांनी विषयाचे विविध पैलू उलगडून दाखवले, प्रश्नोत्तरं रंगली, आभार मानले. व्याख्यान झालं एवढं त्यातून कळतं. व्याख्यानात काय सांगितलं, ते मात्र कळत नाही. जो सदस्य त्या दिवशी आला नव्हता आणि पाऊण तासाचं रेकॉर्डिंग ऐकायला ज्याला वेळ नाही, त्याच्यासाठी हा मजकूर असतो. त्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे.

रीत सांगण्यासाठी एक नमुना धरू. आकाशनिरीक्षण मंडळ आहे, पाहुण्या वक्त्या प्रकाश कमी-जास्त होणाऱ्या, म्हणजे रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आहेत, आणि व्याख्यान अलगोल या ताऱ्यावर आहे. वक्त्या आणि त्यांचे बोल मी नमुन्यापुरते कल्पिले आहेत. ताऱ्याची माहिती खरी आहे. रेकॉर्डिंग 52 मिनिटांचं धरू.

ऐकण्याआधी दोन गोष्टी

पहिली परवानगीची. वक्त्यांनी रेकॉर्डिंगला होकार दिला होता एवढं पुरत नाही. त्यांचं बोलणं छापून सदस्यांना पाठवणार आहोत आणि त्यातलं एक वाक्य त्यांच्या शब्दांत देणार आहोत, हे त्यांना वेगळं सांगावं. एक-दोन ओळींचा निरोप पुरतो. वक्ते सहसा आनंदाने हो म्हणतात, पण कधी कधी "त्यातला तो किस्सा तेवढा नको" असं उत्तर येतं, आणि ते आधी आलेलं बरं.

दुसरी जागेची. संपादकाला विचारा, किती शब्द. न विचारता लिहिलं तर कापाकापी दुसऱ्याच्या हाती जाते आणि नेमकं अवतरणच अर्धं होतं. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले तर 52 मिनिटांत पाच-सहा हजार शब्द बोलले जातात. तुम्हाला जागा मिळते अडीचशे-तीनशे शब्दांची. म्हणजे वीस वाक्यांपैकी एकोणीस सोडायची आहेत. हे एकदा मनाशी पक्कं केलं की "सगळं आलं पाहिजे" हा हट्ट आपोआप सुटतो.

पहिलं ऐकणं: लिहायचं नाही

पहिल्यांदा सलग ऐका आणि वही बंद ठेवा. लिहीत ऐकलं की सुरुवातीची दहा मिनिटं तपशीलवार उतरतात, मग हात दुखतो, आणि महत्त्वाचं शेवटी येतं तेव्हा नोंदी विरळ झालेल्या असतात. असा मजकूर लगेच ओळखू येतो: पहिले दोन परिच्छेद भरगच्च आणि उरलेलं व्याख्यान "यानंतर त्यांनी निरीक्षणाबद्दलही मार्गदर्शन केलं" या एका ओळीत.

ऐकून झालं की एकच वाक्य लिहा: वक्त्यांचं म्हणणं काय होतं? इथं विषय लिहायचा नाही, म्हणणं लिहायचं. "अलगोल ताऱ्याविषयी माहिती दिली" हा झाला विषय. "अलगोल मंदावताना दुर्बिणीशिवाय, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून, त्याचं तेज मोजता येतं" हे झालं म्हणणं. कसोटी सोपी आहे: ज्या वाक्याला कुणी "खरंच?" किंवा "ते कसं?" असं विचारू शकतो, ते म्हणणं. पुढची सगळी निवड या वाक्यावर उभी राहते, म्हणून ते जमेपर्यंत पुढे जाऊ नका. जमतच नसेल तर व्याख्यानाची शेवटची पाच मिनिटं परत ऐका. बहुतेक वक्ते तिथं आपलं म्हणणं स्वतःच सांगून टाकतात.

दुसरं ऐकणं: वेळ टिपत

आता वही उघडा आणि डाव्या बाजूला रेकॉर्डिंगमधली वेळ लिहीत जा. शब्द न् शब्द उतरवायचा नाही. वेळ, चार-पाच शब्द, आणि एखादं बोलणं तसंच्या तसं हवंसं वाटलं तर त्यापुढे चांदणी. आपल्या नमुन्यात नोंदी अशा दिसतील. पहिली सहा मिनिटं परिचय. 6 ते 15, वक्त्या या छंदाकडे कशा वळल्या. 15 ते 22, अलगोलच्या मंदावण्यातला नियमितपणा मांडणाऱ्या जॉन गुडरिकची गोष्ट. 22 ते 31, अलगोल का मंदावतो. 31 ते 43, तुलना कशी करायची, आणि 40:10 ला चांदणी. 43 पासून प्रश्नोत्तरं, त्यात 46:20 ला "पुढचा मंद क्षण कधी?"

प्रश्नोत्तरं गाळू नका. तयार भाषणात वक्ता जे गृहीत धरतो, ते तिथं कुणीतरी विचारतं आणि सरळ, कामाचं उत्तर मिळतं. रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज सहसा नीट येत नाही. उत्तरावरून प्रश्न ताडता आला तर ठीक. नाही तर प्रश्नाचं नाव न काढता उत्तरातली माहिती घ्यावी. ओळखीचा आवाज वाटला म्हणून सदस्याचं नाव अंदाजाने घालू नये.

वेळ टिपण्याचा आणखी एक फायदा आहे. कोणत्या भागाला किती मिनिटं गेली ते समोर दिसतं, आणि आपण त्या मापाने जागा वाटायची नाही हेही कळतं. नऊ मिनिटं स्वतःच्या सुरुवातीवर गेली, पण ती आपल्या एका वाक्यातल्या म्हणण्याला फारशी लागत नाहीत. पुढचा मंद क्षण कधी, याचं उत्तर दीड मिनिटाचं होतं, आणि ज्याला आज रात्री बाहेर जाऊन बघायचं आहे त्याला तेच सगळ्यात जास्त लागणार आहे.

मुद्दे निवडताना

तीन, फार तर चार. ते मिनिटांच्या क्रमाने मांडू नका. व्याख्यान हळूहळू चढत जातं, कारण समोरचा श्रोता उठून जाणार नसतो. वाचक जातो. म्हणून म्हणणं वर, मग त्याचं कारण, मग करायची रीत.

नमुन्यात मी तीन घेईन. अलगोल का मंदावतो, तुलना कशी करायची, आणि पुढची वेळ कशी काढायची. गुडरिकची गोष्ट सुरेख आहे, पण तिला एक वाक्य पुरे. वक्त्यांनी स्लाइडवर सहा तुलना-तारे दाखवले होते. त्यातले दोन घेईन, बाकीच्यांसाठी रेकॉर्डिंगचा दुवा आहेच. सोडलेल्या मुद्द्याचं वाईट वाटतंच. पण सहा ताऱ्यांची यादी वाचून कुणी बाहेर जात नाही, दोन सांगितले तर जातो.

आकडे आणि नावं: इथंच घोटाळे होतात

बोलताना माणूस आकडे गोल करतो, कधी चुकतोही. ऐकताना आपण त्यात भर घालतो. म्हणून मजकुरात जाणारा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक विशेषनाम रेकॉर्डिंगवर पुन्हा ऐकायचं आणि मग बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या ठिकाणी पडताळायचं. नमुन्यातली तीन ठिकाणं बघा.

वक्त्या म्हणतात, "अलगोल दोन दिवस एकवीस तासांनी मंदावतो." प्रत्यक्षात तो काळ 2 दिवस 20 तास 49 मिनिटं आहे. त्या चुकल्या नाहीत, त्यांनी गोल आकडा सांगितला. वार्तापत्रात नेमका आकडा द्यावा, कारण वाचक त्यावरून पुढची रात्र काढणार आहे आणि अकरा-अकरा मिनिटं साठत जातात.

दुसरं, "गुडरिकने हे मांडलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता." गुडरिकचा जन्म 1764 च्या सप्टेंबरमधला आणि त्याचं हे काम 1783 च्या मे महिन्यातलं, म्हणजे तो अठराचा होता. ही बोलण्याच्या ओघातली चूक. तिचा गवगवा करायचा नाही आणि "वक्त्यांच्या मते" म्हणून ती छापायचीही नाही. बरोबर वय लिहायचं आणि वक्त्यांना मजकूर दाखवताना समासात एक ओळ टाकायची.

तिसरी चूक लिहिणाऱ्याची असते आणि ती सगळ्यात धोक्याची, कारण तिच्यात आकडा बरोबर असतो. स्लाइडवर "2.1 ते 3.4" असं असतं आणि लिहिणारा लिहितो, "या काळात अलगोलची प्रत वाढून 3.4 होते." नव्या सदस्याला वाटणार, तारा उजळला. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आणि तिचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. श्रोत्यांना वक्त्यांनी ते आधी सांगितलेलं असतं; आपल्या अडीचशे शब्दांत तो आधार नसतो. तेव्हा आकडा घेताना तो समजायला लागणारी गोष्टही सोबत घ्यायची, किंवा आकडा सोडून "साधारण एक तृतीयांश तेज उरतं" असं लिहायचं. तसंच वक्त्यांनी सांगितलेले "दहा तास" हे ग्रहण, म्हणजे एक तारा दुसऱ्याच्या आड जाणं, सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे आहेत. मंद व्हायला सुमारे पाच आणि पूर्ववत व्हायला पाच. "दहा तासांत मंद होतो" असं लिहिलं की वाचक चुकीच्या वेळी बाहेर उभा राहतो.

एकच अवतरण, पण नीट निवडलेलं

चांदणी केलेल्या जागा परत ऐका. समजा तीन वाक्यं हाती आली.

पहिलं: "आकाश सगळ्यांचं आहे." हे कुणीही, कुठल्याही व्याख्यानात म्हणू शकतं. सोडा.

दुसरं: "अलगोल ही जोडी आहे, मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की प्रकाश कमी होतो." ही माहिती आहे. ती तुमच्या शब्दांत जास्त नेटकी येईल. अवतरणात माहिती घातली की अवतरणाची जागा वाया जाते.

तिसरं, 40:10 वरचं, जसं बोललं गेलं तसं: "म्हणजे बघा, पहिल्या रात्री आकडा चुकणारच. चुकू दे. पण काय होतं, दुसऱ्या रात्री आपण आधी वही उघडतो ना, कालचा आकडा बघतो, आणि मग वर बघतो. मग तारा दिसतच नाही, कालचा आकडाच दिसतो."

हे घ्यायचं. ज्याने रात्री काढल्या आहेत तोच हे बोलू शकतो, आणि दुसऱ्या कुणी ते आपल्या शब्दांत सांगितलं तर "पूर्वग्रह टाळावा" एवढंच उरेल. निवडीची कसोटी हीच: तुमच्या शब्दांत मांडून बघा. काहीच हरवत नसेल तर अवतरण नको. हरवत असेल तर तेच अवतरण.

आता किती हात लावायचा? "म्हणजे बघा", "ना", "काय होतं" ही बोलण्यातली भर काढता येते. अर्थ हलत नाही. मधलं आख्खं वाक्य गाळलं तर तीन टिंबं द्या. "चुकू दे"चं "चुकले तरी हरकत नाही" करू नका. "आपण"च्या जागी "नवीन निरीक्षक" घालू नका, कारण वक्त्यांनी त्या चुकीत स्वतःलाही धरलं आहे. बोलीचा बाज राहू द्या. भोवतीचा मजकूर प्रमाण लेखनात असला तरी अवतरणातलं बोलणं बोलल्यासारखंच शोभतं. दोन वेगळ्या ठिकाणची वाक्यं एका अवतरणचिन्हांत जोडणं तर अजिबात नको. पाच मिनिटांच्या अंतरावर बोललेली वाक्यं शेजारी बसली की त्यांच्यात नसलेला कार्यकारणभाव तयार होतो.

व्याख्यान दुसऱ्या भाषेत झालं असेल तर तुमचं मराठी वाक्य हे भाषांतर आहे, ते तसं कंसात नमूद करा. आणि आवाज तुटल्यामुळे एखादा शब्द नक्की कळत नसेल तर त्या वाक्याचं अवतरण करायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी.

लिहायला बसल्यावर

वक्त्यांची ओळख अर्ध्या वाक्यात, आणि तीही या विषयाशी जोडलेली. पदव्या आणि पुरस्कार निमंत्रणात येऊन गेलेले असतात.

मग क्रियापदं. प्रत्येक वाक्य "त्या पुढे म्हणाल्या", "त्यांनी असेही सांगितले" असं संपत गेलं की मजकूर पोलिसातल्या जबाबासारखा वाचला जातो. सर्वमान्य माहिती सरळ विधान म्हणून लिहा. अलगोल ही जोडी आहे, यात कुणाचं मत नाही. वक्त्यांचं स्वतःचं मत, सल्ला किंवा अनुभव असेल तिथं मात्र "त्यांचा सल्ला", "त्यांच्या अनुभवात" हे आलंच पाहिजे, नाहीतर ते मंडळाचं अधिकृत मत वाटतं. "स्पष्ट केले", "निदर्शनास आणून दिले" ही क्रियापदं जपून वापरा. ती वापरली की आधीचं विधान खरंच असल्याची ग्वाही तुम्ही देत असता. साधं "म्हणाल्या" कुठंही चालतं. तुमची स्वतःची दाद, "अत्यंत ओघवत्या शैलीत" वगैरे, काढून टाका. तेवढ्यात एक मुद्दा बसतो.

तयार मजकूर असा होईल:

कालचा आकडा न बघता तारा बघा

ययाती तारकासमूहातला अलगोल दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो, आणि दुर्बीण नसली तरी हा बदल मोजता येतो. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या पाहुण्या वक्त्यांनी या महिन्याच्या व्याख्यानात त्याची रीत सांगितली.

अलगोल म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी. मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की आपल्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मंद व्हायला सुमारे पाच तास लागतात, पूर्ववत व्हायलाही तेवढेच. हा नियमितपणा 1783 मध्ये जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या तरुणाने मांडला.

मोजायचं ते शेजाऱ्यांशी तुलना करून. एक तारा अलगोलहून तेजस्वी आणि एक मंद निवडा. देवयानीतल्या गॅमाची प्रत 2.1 आहे आणि ययातीतल्या एप्सिलॉनची 2.9 (आकडा मोठा, तारा मंद). अलगोल दोघांच्या बरोबर मध्ये वाटला तर त्याची प्रत 2.5 लिहा. आकड्याशेजारी वेळ लिहायला विसरू नका. नवख्यांच्या एका सवयीबद्दल त्या म्हणाल्या, "पहिल्या रात्री आकडा चुकणारच. चुकू दे. पण दुसऱ्या रात्री आपण आधी वही उघडतो, कालचा आकडा बघतो, आणि मग वर बघतो. मग तारा दिसतच नाही, कालचा आकडाच दिसतो."

पुढची वेळ काढणं सोपं आहे: तीन दिवसांतून सुमारे तीन तास अकरा मिनिटं वजा करा. आज रात्री एक वाजता तारा सर्वांत मंद दिसला, तर तीन रात्रींनंतर तो पावणेदहाच्या सुमारास तसा दिसेल. त्यापुढच्या खेपेला ती वेळ संध्याकाळी साडेसहाच्या आसपास येते, म्हणजे उजेडात जाऊ शकते.

तुलनेची रीत रेकॉर्डिंगमध्ये 31 व्या मिनिटापासून, वेळेचा हिशेब 46:20 ला.

नमुना इथं संपला. अवतरणाच्या आधीची ओळ आता नीट वाचा: "नवख्यांच्या एका सवयीबद्दल". वक्त्या "आपण" म्हणाल्या होत्या. अवतरणात शब्द जपला, पण ओळख करून देताना तो फिरवला गेला. असे दोष पहिल्या मसुद्यात हमखास राहतात. तिथं नुसतं "सगळ्यांनाच लागणाऱ्या एका सवयीबद्दल" हवं.

पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यावर

रेकॉर्डिंग यूट्यूबवर असेल तर दुव्यात सुरुवातीची वेळ सेकंदांत घालता येते. 31 मिनिटं म्हणजे 1860 सेकंद:

```
https://youtu.be/VIDEO_ID?t=1860
```

दुवा स्वतः उघडून बघा, आणि तोही तुमच्या नेहमीच्या खात्यातून बाहेर पडून. रेकॉर्डिंग खासगी ठेवलेलं असलं तर तुम्हाला दिसतं आणि सदस्यांना दिसत नाही.

वक्त्यांना मजकूर पाठवताना "कसा वाटला?" असं विचारू नका, मग ते भाषा सुधारायला बसतात आणि तीनशे शब्दांचे सहाशे होऊन परत येतात. नेमकं विचारा: आकडे बरोबर आहेत का, अवतरण तुमचंच आहे ना, आणि उत्तर कधीपर्यंत हवं. अवतरण त्यांना आता नको वाटलं तर दुसरं निवडा. पण "मी असं म्हणायला हवं होतं" म्हणून त्यांनी नवं वाक्य लिहून दिलं, तर ते व्याख्यानातलं अवतरण नाही. हवं तर "नंतर कळवलं" असं म्हणून द्या.

छापून गेल्यावर चूक सापडली तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी: काय छापलं होतं, बरोबर काय आहे. वेबवर ठेवलेल्या प्रतीतही ती करावी आणि तारीख लिहावी. वेळा टिपलेली वही निदान पुढचा अंक निघेपर्यंत जवळ ठेवा, "हे मी कुठं म्हणाले?" असा निरोप आला तर पानावरची वेळ बघून मिनिटभरात उत्तर देता येतं.